तळघरातलं पंचांग

कुठल्याही बऱ्यापैकी ऑफिस-इमारतीच्या दुसऱ्या तळघरात उतरा. गाड्यांच्या रांगा ओलांडल्या की मोबाइलची रेंज संपते आणि डिझेलचा वास सुरू होतो. तिथे एक काचेची केबिन असते, आणि केबिनच्या भिंतीवर भलामोठा रंगीत तक्ता असतो. आडवे बावन्न आठवडे, उभी सगळी यंत्रं. हिरवा चौकोन म्हणजे मासिक काम, पिवळा तिमाही, तांबडा वार्षिक. याला पीपीएम म्हणतात, प्लॅन्ड प्रिव्हेन्टिव्ह मेंटेनन्स. यंत्र बिघडायच्या आधीच त्याची देखभाल व्हावी म्हणून केलेलं वेळापत्रक. तळघरातल्या माणसांचं हे पंचांगच. कोणत्या आठवड्यात कोणत्या मोटारीला ग्रीस, कोणत्या महिन्यात कोणत्या टाकीचं शुद्धीकरण, सगळं आधीच ठरलेलं. आणि पंचांगाच्या बाबतीत जे घरोघरी होतं तेच इथेही होतं. भिंतीवर ते असतंच, पण मुहूर्त काढला जातो आपल्या सोयीनं.

हा तक्ता कोणी बसून तयार केलेला नसतो. मॅनेजरसाहेब आधीच्या इमारतीतून येताना पेनड्राइव्हवर तो घेऊन येतात आणि वरचं नाव बदलतात. मी अशी एक इमारत पाहिली आहे, जिथे गरम पाण्याच्या बॉयलरची तिमाही तपासणी दोन वर्षं नियमित ‘ओके’ होत होती. त्या इमारतीत बॉयलर नव्हता. कोणी विचारलं असतं तर ऑपरेटरनं अभिमानानं सांगितलं असतं की बॉयलरचा आजवर एकही ब्रेकडाउन नाही, आणि ते खोटंही नव्हतं.

बॉयलर निदान नव्हता तरी. खरी गंमत असलेल्या यंत्रांची आहे. बारा मजल्यांची इमारत घ्या, प्रत्येक मजल्यावर दोन एएचयू. एएचयू म्हणजे गार पाण्याच्या नळ्यांवरून हवा ओढून ती मजल्यावर फेकणारी मोठी लोखंडी पेटी. आत पंखा, पट्टे, मोटार आणि हवेची जाळी. चोवीस पेट्यांना महिन्यातून एकदा हात लागला पाहिजे. जाळी काढून धुवायची, पट्ट्याचा ताण बघायचा, खालच्या तबकातलं पाणी नीट वाहतंय ना ते बघायचं. मन लावून केलं तर एका पेटीला तासभर. तक्त्यात मात्र चोवीसही पेट्यांचे हिरवे चौकोन महिन्याच्या पहिल्या सोमवारी आहेत, कारण तक्ता करणाऱ्यानं एक ओळ भरून ती खाली तेवीस वेळा ओढली. म्हणजे आठ तासांच्या पाळीत एका टेक्निशियननं चोवीस तासांचं काम करायचं. आणि तो करतो! रजिस्टर काढून बघा. चोवीस पेट्या, चोवीस ‘ओके’, सगळ्यांपुढे वेळ अकरा वाजताची, सगळ्यांची शाई एकच.

यात त्या पोराचा दोष काडीचा नाही. चोवीस तासांचं काम चार आठवड्यांत वाटलं की आठवड्याला सहा पेट्या येतात. सहा तास, एका दिवसात आरामात होणारे. एवढा भागाकार केबिनमध्ये कोणी केला असता तर सोमवारचा हा चमत्कार घडला नसता. पण तक्त्यात भागाकाराची जागाच नसते. तिथे फक्त रंग भरायचे असतात.

आता मुख्य दैवताकडे येतो. तळघराच्या कोपऱ्यात, आवाज दाबणाऱ्या पिंजऱ्यात बसलेला डिझेल जनरेटर. सगळे त्याला ‘डीजी’ म्हणतात. याची साप्ताहिक ट्रायल हा तळघरातला सर्वांत निष्ठेनं पाळला जाणारा विधी. दर शनिवारी सकाळी अकरा वाजता ऑपरेटर पॅनेलवरचा स्विच ‘मॅन्युअल’वर घेतो, बटण दाबतो, इंजिन घुमू लागतं. दहा मिनिटं तो तेलाचा दाब बघतो, पाण्याचं तापमान बघतो, बंद करतो आणि लिहितो: ‘ट्रायल घेतली. ओके.’ बॅटरीपुढे लिहितो: ‘२७ व्होल्ट. ओके.’

असे चाळीस-पन्नास शनिवार ओके जातात. मग जूनमध्ये एखाद्या मंगळवारी वळवाचा पाऊस येतो, कुठेतरी झाड पडतं, इमारत काळोखात बुडते आणि सगळे कानात प्राण आणून तळघराचा आवाज ऐकू लागतात. तळघरातून आवाज येतो: ट्यॅक. थोडी विश्रांती. ट्यॅक. पुन्हा विश्रांती. ट्यॅक. तीन प्रयत्न झाले की कंट्रोलर स्वतःला कुलूप लावून घेतो आणि पडद्यावर लिहितो की इंजिन सुरू झालं नाही. जणू कोणाला कळलंच नव्हतं.

लिफ्टमध्ये दोन माणसं आणि एक जेवणाचा डबा अडकलेला असतो. मॅनेजरसाहेब जिन्यानं धापा टाकत येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, “शनिवारी चालू झाला होता ना?”

“झाला होता साहेब. रजिस्टर बघा.”

रजिस्टर खरंच बोलत असतं. पण त्यानं दोन गोष्टी सांगितलेल्या नसतात, कारण त्या लिहायला रकानाच नसतो. एक म्हणजे शनिवारी तो कितव्या प्रयत्नात सुरू झाला. मॅन्युअलवर ऑपरेटर एकदा बटण दाबतो, दोनदा दाबतो, बॅटरीच्या टोकांवर पान्यानं दोन ठोके मारतो, पुन्हा दाबतो, सुरू होतो. शेवट गोड तर सगळं गोड. ऑटोवर असलेला कंट्रोलर मात्र तीनपेक्षा जास्त संधी देत नाही आणि पान्यानं ठोकेही मारत नाही.

दुसरी गोष्ट त्या २७ व्होल्टची. दोन बारा व्होल्टच्या बॅटऱ्या एकापुढे एक जोडून चोवीसची जोडी होते. तिला चार्जर चोवीस तास चिकटलेला असतो, आणि मीटरवर दिसणारे २७ व्होल्ट हे त्या चार्जरचे असतात. बॅटरी आतून पार संपलेली असली तरी चार्जर चालू आहे तोवर आकडा सत्तावीसच्या आसपासच राहणार. म्हणजे वर्षभर दर शनिवारी आपण निष्ठेनं चार्जरची तब्येत तपासून ती बॅटरीच्या नावावर लिहीत होतो.

बॅटरीला खरा प्रश्न एकच: स्टार्टर मोटार इंजिनाला फिरवत असताना, म्हणजे शेकडो अँपिअर ओढले जात असताना, तुझा व्होल्टेज किती खाली जातो? याला पाच सेकंद लागतात. ज्या मीटरला सर्वांत कमी आकडा धरून ठेवायची सोय आहे असा मीटर टोकांना लावायचा, इंजिन फिरवायचं, आकडा लिहायचा. धडधाकट जोडी एकवीस-बावीसपर्यंत उतरून सावरते. साधारण १९ च्या खाली गेली की तिचे दिवस भरले समजायचे. महिन्यातून एकदा हा आकडा लिहा आणि बॅटरी स्वतःच पत्र धाडते. जानेवारीत २१.४, फेब्रुवारीत २१.१, मार्चमध्ये २०.३, एप्रिलमध्ये १९.६. मे महिन्यात शांतपणे नवी जोडी बसवता येते, आणि जूनमधल्या त्या मंगळवारी डबा वेळेवर वरच्या मजल्यावर पोहोचतो.

शनिवारच्या ट्रायलचा आणखी एक दोष आहे, तो जरा लाजिरवाणा आहे. ही ट्रायल रिकामी असते. इंजिन फिरतं, पण इमारतीचा एक दिवाही त्याच्यावर नसतो. डिझेल इंजिनाला हा आराम मानवत नाही. भार नसला की सिलिंडर नीट तापत नाहीत, डिझेल अर्धवट जळतं, आणि त्याचा काळा चिकट राप एक्झॉस्टमध्ये साठत जातो. पाइपच्या जोडांतून तेलकट काळं ओघळू लागलं की ओळखावं, आपण दर शनिवारी यंत्राची काळजी घेत घेत त्याला आजारी पाडलं आहे. म्हणून साप्ताहिक रिकामी फेरी थोडक्यात आटपावी, आणि महिन्यातून एकदा खऱ्या भारावर निदान अर्धा तास चालवावं. भार किती, तर यंत्राच्या क्षमतेच्या तीस टक्क्यांहून कमी नको. पाचशे केव्हीएचा डीजी म्हणजे साधारण चारशे किलोवॉट, त्याचे तीस टक्के म्हणजे १२० किलोवॉट.

इथे नाट्याचा दुसरा अंक सुरू होतो. खऱ्या भाराची ट्रायल घ्यायची तर मुख्य वीज मुद्दाम बंद करायला लागते. मॅनेजरसाहेब भाडेकरूंना मेल लिहितात. तिसऱ्या मजल्यावरचे लोक म्हणतात, सोमवारी नको, आठवड्याची मीटिंग आहे. सातव्या मजल्यावर महिनाअखेर आहे. दहाव्या मजल्यावर परदेशातले पाहुणे यायचे आहेत, नक्की कधी ते पाहुण्यांनाही माहीत नाही. सगळ्यांच्या नको-नकोची वजाबाकी करून जो दिवस उरतो तो रविवार. रविवारी सकाळी दिमाखात वीज बंद होते, दहा-बारा सेकंदांत डीजी भार उचलतो, टाळ्या पडतात. भार किती? दोन लिफ्ट, वॉचमनचा पंखा, जिन्यातले दिवे. सगळं मिळून तीसेक किलोवॉट. १२० ची परीक्षा तीस मार्कांत उरकून यंत्र उत्तीर्ण.

या दोन्ही गोष्टींत एकच खोड आहे, आणि ती एकदा दिसली की तळघरात जिकडे पाहावं तिकडे दिसू लागते. आपण तपासणी अशा वेळी आणि अशा रीतीनं करतो की दोषाला तोंड दाखवायची संधीच मिळू नये.

थर्मोग्राफीचं बघा. मोठ्या पॅनेलमधले तांब्या-ॲल्युमिनियमचे जोड सैल पडले की तापतात. उष्णता दाखवणारा कॅमेरा घेऊन वर्ष-सहा महिन्यांनी त्यांचे फोटो काढतात आणि तापलेला जोड लालभडक दिसतो. उत्तम तपासणी. पण पॅनेलची दारं चालू दिवसात उघडायला सगळे घाबरतात, म्हणून कॅमेरेवाल्याला बोलावतात रविवारी. जोडातली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रवाह चौथ्या हिश्शावर आला की उष्णता सोळाव्या हिश्शावर येते. रविवारच्या फोटोत सगळे जोड गार निळे. चाळीस पानांचा गुळगुळीत रंगीत अहवाल येतो, मॅनेजरसाहेब तो वरच्यांना पाठवतात, आणि जोड सोमवारी पुन्हा आपल्या कामाला लागतो. पॅनेलवर निदान चाळीस टक्के भार असेल तेव्हाच हा कॅमेरा उघडावा. सुरक्षेची सगळी तयारी करून चालू दिवशीच, उन्हाळ्यातल्या दुपारी तीनला. एसीचा भार तेव्हा शिगेला असतो.

आगीच्या पंपांचंही हेच. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे जानेवारीत आणि जुलैत ‘फॉर्म बी’ द्यावा लागतो: आमची यंत्रणा सुस्थितीत आहे. त्या आधीच्या आठवड्यात पंपघराला नवा रंग लागतो, आणि पंप बटण दाबून चालवून दाखवतात. पण आग लागली की बटण दाबायला कोणी जाणार नाही. पाइपातला दाब उतरेल तसे पंप आपोआप सुरू व्हायचे असतात, आधी छोटा जॉकी पंप, मग मुख्य विजेचा, वीज नसेल तर डिझेलचा. ते तपासायचं तर बटणाला हात न लावता चाचणीचा व्हॉल्व्ह उघडायचा, दाब उतरू द्यायचा आणि कोणता पंप किती दाबाला जागा झाला ते लिहायचं. असं एकदा केलं की हमखास कळतं की जॉकीचा स्विच ‘ऑफ’वर आहे. का? तर तो रात्री सारखा सुरू-बंद व्हायचा, वॉचमनची झोप मोडायची. तो सारखा सुरू होतोय म्हणजे पाइपात कुठेतरी गळती आहे, हे पंप बिचारा रात्रभर ओरडून सांगत होता. त्याचा गळा दाबून तक्रार मिटवण्यात आली.

मग किती दिवसांनी काय तपासायचं? तक्त्यातले महिने-तिमाह्या हे आकडे कॅलेंडरवरून आलेले असतात, यंत्रावरून नव्हे. यंत्राला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: तुझा दोष पहिल्यांदा दिसू लागल्यापासून तू बंद पडेपर्यंत किती काळ जातो? त्या काळाच्या निम्म्याहून कमी अंतरानं डोकावत राहिलं की निदान एक फेरी वेळेत सापडते. एएचयूचा पट्टा सैल पडला की सुरू होताना किंचाळतो, जाळीखाली काळी पूड पडते, आणि त्यानंतर तो काही आठवडे तग धरतो. म्हणून त्याला मासिक फेरी शोभते. अंगठ्यानं दाबून बघायचं, दोन पुल्यांमधल्या दर मीटरला साधारण सोळा मिलिमीटर दबला तर ताण बरोबर. जोडाला सैल पडून जळायला महिने लागतात, त्याला सहामाही पुरते. जिन्यातला दिवा कोणतंही चिन्ह न दाखवता जातो. त्याची तपासणी कितीही वेळा केली तरी उपयोग शून्य. तो गेला की बदलायचा, एवढंच त्याचं वेळापत्रक. तक्त्यातून त्याची ओळ खोडली की टेक्निशियनचे तास मोकळे होतात आणि एएचयूला मिळतात.

पण ओळ खोडणं आमच्याकडे पाप समजतात. जास्त देखभाल म्हणजे चांगली देखभाल, ही श्रद्धा फार खोल गेलेली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये वॉडिंग्टन नावाच्या एका जीवशास्त्रज्ञानं विमानांच्या दुरुस्तीच्या नोंदी मांडून पाहिल्या. दर पन्नास तासांच्या उड्डाणानंतर विमानांची ठरीव तपासणी व्हायची. अपेक्षा अशी, की तपासणीनंतर बिघाड कमी व्हावेत आणि मग हळूहळू वाढावेत. झालं उलटं. तपासणी झाल्या झाल्या बिघाड एकदम वाढत आणि नंतर उतरत जात. चांगलं चाललेलं खोलून पुन्हा बसवण्यातच बिघाड घातले जात होते. त्याचं पुस्तक १९७३ मध्ये आलं. १९७८ मध्ये अमेरिकेत नोलन आणि हीप या दोघांनी प्रवासी विमानांच्या अभ्यासातून दाखवलं की वय झालं म्हणून ठरावीक टप्प्यावर झिजून बिघडणारे भाग दहातला जेमतेम एक. उरलेले कधीही बिघडतात. त्यांना मुदतीवर खोलून काही साधत नाही, त्यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं.

हे मला विमानं न बघताही पंपघरात पटलं. जुन्या पंपांच्या दांड्याभोवती दोरीचं पॅकिंग असतं, आणि त्यातून थेंब थेंब पाणी गळलंच पाहिजे. मिनिटाला काही डझन थेंब. ते पाणीच दांड्याला गार ठेवतं. पण वार्षिक देखभालीच्या दिवशी टेक्निशियनला तो थेंब डोळ्यांत खुपतो. तो नट आवळतो. थेंब थांबतो. साहेब खूश, फरशी कोरडी, रजिस्टरात ‘गळती बंद केली’. आठ दिवसांत पॅकिंग करपतं, दांड्यावरच्या बाहीवर चरे पडतात, आणि मग जे गळतं ते थेंबांत मोजता येत नाही.

बाही बदलायची म्हणजे सुटा भाग हवा, आणि सुटे भाग म्हणजे स्टोअर. स्टोअरवाल्या काकांचं राज्य सहा बाय आठ फुटांचं. आत ट्यूबलाइटचे चोक तीन खोकी भरून आहेत. इमारतीत सगळीकडे एलईडी लागून वर्षं झाली. ज्या एएचयू भंगारात गेल्या त्यांचे पट्टे खुंटीला लटकलेले आहेत. डीजीच्या चेंजओव्हर पॅनेलमधली, हजारभर रुपयांच्या आतली कॉन्टॅक्टरची कॉइल मात्र मागितली की काका चष्मा कपाळावर सरकवतात.

“ती कधी लागलीच नाही साहेब, म्हणून ठेवली नाही.”

“आणि चोक?”

“ते खूप लागायचे.”

काकांच्या हिशेबात तर्क आहे. जे वारंवार लागतं ते ठेवायचं. किराणामालाला हा नियम बरोबर, जनरेटरला चूक. जी वस्तू वारंवार लागते ती बहुधा समोरच्या दुकानात मिळते. ठेवायची ती वस्तू, जी क्वचित लागते, पण लागली की तिच्यावाचून सगळं ठप्प होतं आणि मागवली की यायला दिवस जातात. म्हणून प्रत्येक भागाला तीन गोष्टी विचाराव्यात: तू नसलास तर काय बंद पडेल? तू किती दिवसांत येशील? आणि कपाटात किती दिवस टिकशील?

आमच्या डीजीवर हे लावून बघा. पॅनेलची कॉइल: नसली तर इंजिन घुमतंय पण वीज वर जात नाही, शनिवारी रात्री बाजारात मिळत नाही, कपाटात वर्षानुवर्षं टिकते. ठेवा. अल्टरनेटरचा व्होल्टेज सांभाळणारा एव्हीआर: महाग आहे, क्वचित जातो, पण गेला तर सगळा डीजी शोभेचा, आणि यायला आठवडाही लागू शकतो. एक ठेवा. तेलाचे आणि डिझेलचे फिल्टर एक संच, पंख्याचा पट्टा, पाण्याच्या रबरी नळ्या: स्वस्त आहेत, ठेवा, पण रबर कपाटातही म्हातारं होतं, म्हणून तारीख लिहून जुनं आधी वापरा. बॅटरी मात्र ठेवू नका. ती कपाटात स्वतःहून उतरते आणि गरजेच्या दिवशी नवी कोरी मेलेली निघते. तिच्यासाठी विक्रेत्याशी करार करा: फोन केल्यापासून चार तासांत चार्ज केलेली जोडी दारात. हा करारही सुटा भागच, फक्त तो फाइलमध्ये राहतो.

कंट्रोलरची गोष्ट वेगळीच. एका ठिकाणी मोठ्या दूरदृष्टीनं जादा कंट्रोलर घेऊन ठेवला होता. वेळ आली, बसवला, आणि पडद्यावर कारखान्यातली कोरी सेटिंग दिसू लागली. किती सेकंद थांबायचं, किती वेळा फिरवायचं, कोणत्या व्होल्टेजला भार घ्यायचा, सगळं जुन्या कंट्रोलरबरोबर गेलेलं. ज्या दिवशी यंत्र नीट चालतंय त्या दिवशी सेटिंगची फाइल उतरवून घेणं हा सर्वांत स्वस्त सुटा भाग. तो फुकट असतो म्हणून खरेदी-विभागाला दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून कोणी ठेवत नाही.

असा नवा तक्ता केला तर तो जुन्यापेक्षा आखूड होतो. बॉयलर जातो, दिवे जातात, बिनकामाची खोलाखोल जाते. एएचयू आठवड्यांत वाटल्या जातात. ‘ओके’च्या रकान्यात आकडा येतो: किती व्होल्ट, कितवा प्रयत्न, किती सेकंद, किती किलोवॉट. ऑन-लोड ट्रायलचा प्रश्नही पुण्यात तरी परस्पर सुटतो. इथे वीज असो की पाणी, देखभालीसाठी बंद राहायचं ते गुरुवारी, अशी जुनी रीत आहे. पेपरात सूचना येते, भाडेकरू ती नशीब म्हणून स्वीकारतात, आणि जी ट्रायल मॅनेजरसाहेबांना मेल लिहून मिळत नाही ती आयती मिळते. त्या दिवशी मीटर आणि वही घेऊन डीजीजवळ उभं राहायचं, वीज गेल्यापासून दिवे येईपर्यंतचे सेकंद मोजायचे, भार लिहायचा. चालू दिवसाचा खरा भार, पूर्ण मार्कांची परीक्षा.

अडचण एवढीच, की आकडे लिहिले की दोष दिसू लागतात. वर्षाअखेरीस ऑडिटर येतो, रजिस्टर उघडतो. गेल्या वर्षी पानोपानी ओके. यंदा बॅटरी १९.६, दुसऱ्या प्रयत्नात सुरू, जॉकी तासाला चार वेळा चालू, पाचव्या मजल्याच्या जोडाचं तापमान जास्त, दुरुस्त केला. ऑडिटर गंभीर होतो. “गेल्या वर्षी एकही निरीक्षण नव्हतं. तुमचा मेंटेनन्स घसरलाय.” मॅनेजरसाहेब त्याला चहा पाजून परत पाठवतात, केबिनमध्ये येतात, रजिस्टर पुन्हा चाळतात. माणूस समजूतदार आहे. आकडे का लागतात हे त्यांना पटलेलं असतं. ते ऑपरेटरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, “आकडे लिहीत जा. खरे लिही. फक्त ते लाल शाईनं लिहू नकोस.”